पंचनामा आहे, नमुना नाही: ग्राहक आयोगात बियाण्याची केस कशावर उभी राहते

प्रश्न: मागच्या खरिपात पाच एकरात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. तालुका समितीनं पाहणी करून 'बियाणे सदोष' असा रिपोर्ट दिला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आमचे वकील म्हणतात, इथे पुरावा कायदा लागत नाही, रिपोर्ट आहे म्हणजे केस पक्की. कंपनीचे वकील म्हणतात, पाहणीची नोटीस आम्हाला नव्हती, लॅब टेस्ट नाही, म्हणून रिपोर्ट बाद. पिशवीतलं बियाणं सगळं पेरलं, आता नमुना कुठून आणू? पुरावा कायदा लागत नाही म्हणजे नक्की काय लागतं? (दारव्हा तालुक्यातील एक कास्तकार)

उत्तर:

भाऊ, दोन्ही वकील अर्धं अर्धं खरं बोलताहेत. रिपोर्ट बाद होत नाही, आणि नुसत्या रिपोर्टवर केस पक्कीही होत नाही. मी तीसेक वर्षं यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या कास्तकारांच्या तक्रारी चालवतो. बियाण्याच्या केसा हरताना पाहिल्या तशा जिंकून पुन्हा हातच्या जातानाही पाहिल्या. तशीच एक खाली सांगतो, कारण तुमचा प्रश्न तिच्यात जसाच्या तसा आहे.

आधी 'पुरावा कायदा लागत नाही' याचा अर्थ बघू. दिवाणी कोर्टात एखादा कागद दाखल करायचा तर तो लिहिणारा माणूस पिंजऱ्यात येऊन 'ही माझी सही' म्हणेपर्यंत तो कागद वाचलाही जात नाही. ऐकीव गोष्ट दारातच अडते. आयोगात तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३८ म्हणतं की तक्रार शपथपत्रं आणि कागदपत्रं यांवर ऐकावी. पंचनाम्याची प्रत, कृषी केंद्राचं बिल, पिशवीचं लेबल, मोबाईलमधले फोटो हे सगळं शपथपत्रासोबत आत येतं. पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण या बाबतीत त्यानं काही बदललेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ही सूट १९७७ साली हरियाणा सरकार विरुद्ध रतन सिंग या निकालात फार सोप्या शब्दांत मांडली आहे. एका बस कंडक्टरची खातेनिहाय चौकशी होती. पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असा आरोप. तपासणी पथकानं प्रवाशांना चौकशीत साक्षीला आणलंच नव्हतं. कोर्टानं म्हटलं, अशा चौकशीत पुरावा कायद्याचे कडक नियम लागत नाहीत, शहाण्या माणसाला तर्कानं पटेल असं काहीही पाहता येतं, ऐकीवसुद्धा, फक्त त्याचा विषयाशी संबंध हवा आणि ते विश्वासार्ह हवं. आमचे तरुण वकील इथपर्यंतच वाचतात. त्याच निकालात पुढे बजावलं आहे की असा पुरावा तोलताना फार सांभाळून राहा, आणि निर्णयाच्या मुळाशी न्याय्य वागणूक असलीच पाहिजे.

न्याय्य वागणूक म्हणजे काय, ते त्याच्या वीस वर्षं आधी, १९५७ च्या टी. आर. वर्मा निकालात सांगून झालं होतं. ज्याच्याविरुद्ध निर्णय जाणार त्याला स्वतःचा पुरावा देता यावा, समोरच्याचा पुरावा त्याच्यासमोर घ्यावा, समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न विचारता यावेत, आणि त्याला उत्तर द्यायची संधी न देता कुठलीही गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरू नये. यातलं शेवटचं वाक्य मी पाटीवर लिहून ऑफिसात लावलं आहे. का, ते आता सांगतो.

२०२० चा खरीप. माझा पक्षकार चार एकरवाला. एकरी एक, अशा ३० किलोच्या चार पिशव्या, सगळ्या एकाच लॉटच्या. पेरणी जूनच्या चौथ्या आठवड्यात, भाड्याच्या ट्रॅक्टरनं. आठ दिवसांनी तासात कुठं एक रोप, कुठं दोन, मध्ये मोकळी जमीन. त्यानं तालुका कृषी कार्यालयात अर्ज दिला, समिती आली, एक पानी पंचनामा झाला. शेवटची ओळ तुमच्यासारखीच: 'बियाणे सदोष असल्याचे दिसून येते'. त्यानं जुलैत दुबार पेरणी केली आणि नंतर माझ्याकडे आला. 'वकीलसाहेब, बिजवाईच खराब होती, सरकारी कागद आहे,' म्हणाला. मलाही तेव्हा एवढं पुरेसं वाटलं.

जिल्हा आयोगात आम्ही जिंकलो. एकरी १० क्विंटल पीक बुडालं असं धरून, ३,८८० रुपयांच्या हमीभावानं ४० क्विंटलचे १,५५,२०० रुपये मंजूर झाले. पक्षकारानं पेढे आणले. मी निकाल घरी नेऊन सावकाश वाचला, तेव्हा पोटात गोळा आला.

निकालाच्या कारणांत दोन गोष्टी अशा होत्या ज्या आमच्या फाईलमध्ये नव्हत्या. एक, आयोगानं लिहिलं होतं की २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं आणि त्यामुळे पुढच्या वर्षी बियाणं खराब निघालं हे 'सर्वश्रुत' आहे. खरंच होतं ते, चहाच्या टपरीवर प्रत्येक जण तेच बोलत होता. पण त्यावरून या कंपनीचा हा लॉट खराब होता हे कसं ठरेल? भिजलेल्या हंगामातही चांगले लॉट निघतातच. दोन, त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या गावच्या तक्रारीतला समितीचा रिपोर्ट आयोगानं आपणहून पाहिला आणि 'तिथेही हेच आढळले' म्हणून आमच्या बाजूला जोडला. ती प्रत ना मला दिली होती ना कंपनीला. तिथला लॉट नंबर वेगळा होता, हे कंपनीला सांगता आलं असतं. विचारलंच नाही.

कंपनी अपिलात गेली आणि नागपूरला राज्य आयोगासमोर मी जवळपास मुकाच होतो. निकाल रद्द, फेरसुनावणीचा आदेश. मी कलम ३८(५) पुढे करून पाहिलं. ते पोटकलम म्हणतं की कलमात सांगितलेली पद्धत पाळली असेल तर नैसर्गिक न्याय मिळाला नाही म्हणून कार्यवाहीला कोर्टात आव्हान देता येत नाही. पण त्यात 'पद्धत पाळली असेल तर' हे शब्द आहेत, आणि त्या पद्धतीतच समोरच्याला प्रत देणं, त्याचं म्हणणं घेणं, प्रयोगशाळेच्या अहवालावर आक्षेप असतील तर ते लेखी घेऊन दोघांना ऐकणं हे लिहिलेलं आहे. जी पायरी कायद्यानंच घातली ती गाळून त्याच कायद्याच्या मागे लपता येत नाही. शिवाय अपील मंडळ म्हणजे ते पोटकलम म्हणतं तसं बाहेरचं कोर्टही नव्हे. दोन वर्षं गेली, पेढे फुकट गेले.

फेरसुनावणीत मी पंचनामा पहिल्यांदा नीट वाचला. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच.

सोयाबीनच्या दोन तासांत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असतं. एकरी ३० किलो, आणि शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर तासाच्या एका मीटरमध्ये २८ च्या आसपास दाणे पडतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, म्हणजे मीटरमागे २० च्या जवळपास रोपं दिसायला हवीत. (प्रयोगशाळेतली उगवण आणि वावरातली उगवण यांत फरक पडतो, तो सोडून देऊ.) आमच्या पंचनाम्यात पाच ठिकाणची मोजणी होती, सरासरी मीटरला ६. एवढंच मी आजवर सांगत आलो होतो. त्याखाली एक ओळ होती: 'लगतच्या शेतात सरासरी १९'.

ते लगतचं वावर धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचं. जमीन तीच, पेरणी त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरनं, त्याच पेरणीयंत्रानं, फक्त बियाणं दुसऱ्या कंपनीचं. म्हणजे पाऊस कमी पडला, खोल पेरलं, जमिनीवर पापडी धरली, या कंपनीच्या सगळ्या सबबी त्या एका ओळीनं निम्म्यावर येत होत्या. पावसाची सबब खरी असती तर ती धुऱ्यावर येऊन थांबली नसती. 'बियाणे सदोष' हे अधिकाऱ्याचं मत होतं, १९ आणि ६ हे आकडे म्हणजे त्यानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. कारण न देता लिहिलेल्या मताला आयोग फार वजन देत नाही, आणि देऊही नये.

मग शेजाऱ्याचं शपथपत्र घेतलं, ट्रॅक्टरवाल्याचं घेतलं, दोघांच्या बियाण्याची बिलं लावली. प्रती कंपनीला वेळेत दिल्या. पहिल्या फेरीत जे घडलं ते आता माझ्या हातून घडू नये, म्हणून पोच घेतल्याशिवाय एक चिठ्ठीही दाखल केली नाही.

आता तुमचा नोटिशीचा मुद्दा. आमच्याही पाहणीची नोटीस कंपनीला नव्हती. काही आयोगांनी एवढ्याच कारणावर असे रिपोर्ट बाजूला ठेवले आहेत, काहींनी ठेवले नाहीत. माझं मत असं की पाहणी कंपनीच्या गैरहजेरीत झाली हा दोष खरा आहे, पण तो तिथेच गोठलेला नसतो. आयोगासमोर कंपनीला तो रिपोर्ट मिळाला, आक्षेप घेता आले, अधिकाऱ्याला प्रश्न विचारता आले, तर दोष बराचसा भरून निघतो. उलट कंपनीनं प्रत घेतली, उत्तरात नुसतं 'आम्हाला नोटीस नव्हती' लिहिलं आणि अधिकाऱ्याला एकही प्रश्न विचारायची परवानगी मागितली नाही, तर अन्याय झाला म्हणणं तिला जड जातं. म्हणून फेरसुनावणीत कंपनीनं उलटतपासणीचा अर्ज दिला तेव्हा मी विरोध केला नाही. माझा पक्षकार चिडला. 'साहेबाला कशाला त्रास, तो आपल्या बाजूचा आहे.' मी म्हटलं, त्याला प्रश्न विचारून होऊ द्या, नाहीतर हीच केस तिसऱ्यांदा लढावी लागेल.

उलटतपासणी आयोगात सहसा समोरासमोर होत नाही. लेखी प्रश्नावली जाते, शपथेवर लेखी उत्तरं येतात. डॉ. जे. जे. मर्चंट प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयानं हा मार्ग, कमिशनर नेमून साक्ष घेण्याचा मार्ग आणि व्हिडिओ कॉन्फरन्सचा मार्ग, तिन्ही मान्य केले आहेत. कंपनीनं १४ प्रश्न दिले. पेरणीची खोली मोजली का? उत्तर: नाही. ओल मोजली का? नाही, हातानं पाहिली. न उगवलेलं बी उकरून पाहिलं का? उत्तर: दोन ठिकाणी पाहिलं, बी फुगून सडलं होतं, मोड आलेला नव्हता, पंचनाम्यात लिहायचं राहून गेलं.

हे शेवटचं उत्तर महत्त्वाचं, आणि तुमच्या कामाचंही. तासात उकरलं आणि बी कोरडं टणक सापडलं, तर ओल मिळाली नाही. मोड आला पण वाकडा होऊन पापडीखाली अडकला, तर जमीन किंवा खोली कारण. बी फुगलं, मोडच आला नाही आणि सडलं, तर बियाण्यातच जीव कमी असण्याची शक्यता वाढते, अर्थात शेतात पाणी तुंबलं नसेल तर. कंपनीचे वकील म्हणाले, हे मागाहून सुचलेलं आहे, पंचनाम्यात नाही. बरोबर आक्षेप होता. आमच्याकडे त्या दिवशीचे तीन फोटो होते, अधिकाऱ्याच्या तळहातावर सडलेले दाणे दिसणारे. फोटो शपथपत्रासोबत दिले, आणि मूळ फोन सुनावणीला घेऊन गेलो की तारीख पाहायची तर पाहा. कंपनीनं पाहिली, पुढे काही बोलली नाही. कोर्टात असतो तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावरच दोन तारखा गेल्या असत्या. ही सूट अशा वेळी उपयोगी पडते, पण तिच्या जोडीला फोन समोर ठेवण्याची तयारी लागते.

नमुना आणि लॅब टेस्टचं काय? कायदा म्हणतो की दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोगानं नमुना घेऊन, सील करून प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवाल ४५ दिवसांत यावा. कास्तकारानं सगळं पेरलं तर नमुना आणणार कुठून, हा प्रश्न नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात आला होता. सर्वोच्च न्यायालयानं मानलं की पेरून संपलेलं बियाणं तपासायला द्या असं शेतकऱ्याला म्हणता येत नाही, आणि कंपनीला तपासणी हवी होती तर तिनं आपल्याकडच्या त्याच लॉटचा नमुना तपासायला मागायचा होता. म्हणजे 'लॅब टेस्ट नाही' एवढ्यानं तुमची तक्रार पडत नाही. पण त्या निकालातही कृषी तज्ज्ञांच्या पाहणीचे अहवाल होते. टेस्ट माफ झाली, कारण दाखवण्याची जबाबदारी माफ झाली नाही. हरियाणा सीड्स विरुद्ध साधू (२००५) मध्ये शेतकरी हरला तो इथेच. पिकात तफावत होती, पण ती बियाण्यामुळेच होती हे दाखवणारं काही नव्हतं.

आमच्या कंपनीनं शेवटच्या तारखेला, लेखी युक्तिवादासोबत, स्वतःच्या प्रयोगशाळेचा ८१ टक्के उगवणीचा कागद जोडला. आता आक्षेप घ्यायची पाळी माझी होती. इतका उशिरा, प्रत न देता, तपासणाऱ्याच्या शपथपत्राशिवाय. आयोगानं कागद फेकला नाही, मला उत्तर द्यायला पंधरा दिवस दिले. योग्यच केलं. मी दोन गोष्टी विचारल्या. नमुना कोणत्या टप्प्यावर, कोणासमोर काढला? आणि तपासणी कोणत्या तारखेची? तारीख फेब्रुवारीची निघाली, पेरणीच्या चार महिने आधीची. सोयाबीनचं बी नाजूक असतं, साल पातळ, गोदामातल्या उन्हाळ्यात आणि पिशव्यांच्या आपटाआपटीत त्याची उगवण घसरते. हेच उलटही लागू आहे, ध्यानात ठेवा. आज तुम्हाला कृषी केंद्रात त्याच लॉटची एखादी पिशवी सापडली आणि तिची उगवण ४० टक्के निघाली, तरी ती मागच्या जूनबद्दल काहीच सांगत नाही. तो अहवाल तुमच्या बाजूनं वापरला तर माझ्यासारखाच कोणीतरी अपिलात तुमची केस पाडेल.

निकाल लागला. दोष बियाण्याचाच, शक्यतांच्या तोलावर. रक्कम मात्र पहिल्यासारखी नाही. पहिल्या वेळी एकरी १० क्विंटल हा आकडा आम्ही सांगितला आणि आयोगानं उचलला होता, आधार काहीच नव्हता. या वेळी कंपनीनं विचारलं, शेजाऱ्याला त्या वर्षी किती झालं? बाजार समितीच्या पट्ट्यांवरून एकरी साडेपाच निघालं. दुबार पेरणीत माझ्या पक्षकाराला एकरी चार झालं होतं. फरक दीड क्विंटल, चार एकरांचे ६ क्विंटल, २३,२८० रुपये. दुबार पेरणीचं बियाणं आणि ट्रॅक्टर मिळून १३,००० धरले. पहिल्या पिशव्यांचे पैसे वेगळे नाहीत, कारण पीक एकदाच घ्यायचं होतं आणि एका पेरणीचा खर्च तसाही लागलाच असता. खर्च आणि त्रासाचे १०,०००. एकूण ४६,२८०. पक्षकारानं या वेळी पेढे आणले नाहीत. पण कंपनी अपिलात गेली नाही, पैसे दोन महिन्यांत आले. ज्या शेजाऱ्याच्या आकड्यानं बियाण्याचा दोष सिद्ध केला त्याच शेजाऱ्याच्या आकड्यानं आमची रक्कम कमी केली, त्याला माझा इलाज नव्हता.

तुमच्या केसमध्ये पुढच्या तारखेला हे करा. पंचनाम्यात मोजणी किती ठिकाणची, शेजारच्या वावराचा उल्लेख आहे का, बी उकरल्याचं लिहिलंय का, हे आधी वाचा. नसेल तर समितीच्या अधिकाऱ्याचं शपथपत्र मागवण्याचा अर्ज द्या आणि अर्जात हे तीन प्रश्न घाला. मत नको, त्यांनी काय पाहिलं तेच विचारा. त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या की कंपनीनं या लॉटच्या उगवण तपासणीची सगळी नोंद आणि राखून ठेवलेल्या नमुन्याची माहिती दाखल करावी. पिशवीवरचं लेबल जपून ठेवलं असेल तर त्यावरची तपासणीची तारीख आणि वैधता बघा. पहिल्या तपासणीपासून नऊ महिने ती चालते, आणि पेरणी त्या मुदतीच्या कोणत्या टोकाला झाली हे तुमच्या उत्तरात यायला हवं. कंपनीनं अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला मागितले तर तुमच्या वकिलांना सांगा, विरोध करू नका. आणि महसूल मंडळाचे पावसाचे आकडे तुमच्या बाजूचे असोत नसोत, पेरणीच्या आधीच्या आठवड्यापासून पुढच्या दोन आठवड्यांपर्यंतचे तुम्हीच दाखल करा, प्रत कंपनीला देऊन. शेजाऱ्याकडे त्याच आठवड्यात काय पेरलं होतं, कोणत्या यंत्रानं, आणि त्याची बाजार समितीची पट्टी आहे का, हे मात्र आज संध्याकाळीच त्याच्या घरी जाऊन विचारा. वर्ष उलटलं की पट्ट्या चुलीत जातात.